पाहुणे वाढले, बिल बदललं: आमच्या सुधारित बिलाच्या ईमेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधल्या मराठी घरांत मुंज, साखरपुडा, लग्न, साठीशांत अशा कार्यांचं जेवण आम्ही करतो. ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त पाहुणे जेवले, तर कार्याच्या दुसऱ्या दिवशी यजमानांना सुधारित बिलाचा ईमेल जातो. तो वाचून जे फोन येतात त्यांतले बरेचसे प्रश्न तेच ते असतात, आणि ते रास्तही असतात. आपल्या घरच्या कार्याचा शेवटचा हिशेब कसा झाला हे यजमानाला रुपयापर्यंत कळलं पाहिजे. म्हणून उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत. माघातल्या एका मुंजीचा हिशेब नावं काढून पुढे उदाहरण म्हणून घेतला आहे. राजेंद्र नगर भागातलं कार्य, मुंज सकाळी घरच्यांत आणि संध्याकाळी सगळ्यांना बुफे जेवण. ठरलेली ताटं २५०, दर ताटाला ५२० रुपये.

पाहुणे वाढले की पूर्ण बिल त्याच प्रमाणात वाढतं का?

नाही. आमच्या कोटेशनमध्ये तीन प्रकारच्या रकमा असतात. पहिली ताटागणिक लागते, तिच्यात वरण-भात, मसालेभात, भाज्या, पुरी, कोशिंबीर, श्रीखंड, जिलबी, मठ्ठा, पाणी आणि ठरलेल्या संख्येला लागणारे वाढपी धरलेले असतात. ती माणसांबरोबर वाढते. दुसरी एकदाच लागते, म्हणजे टेम्पोचं भाडं, भट्ट्या आणि स्वयंपाकाची जागा मांडण्याचा खर्च. २५० जेवले काय आणि ३०० जेवले काय, टेम्पो तेवढाच येतो, म्हणून ती रक्कम आम्ही वाढवत नाही. तिसरी काउंटरची. या मुंजीत गराडूचा काउंटर होता, त्याचे ९,००० रुपये ठोक ठरले होते. गराडू सोलून, कापून, एकदा तळून आम्ही सोबत आणतो आणि पाहुणा समोर आला की दुसऱ्यांदा कुरकुरीत तळून देतो. आणलेला माल संपला की काउंटर बंद होतो. त्याचे जास्त पैसे लावण्याचा प्रश्नच येत नाही.

तुम्हाला आलेल्या ईमेलमध्ये टेम्पोचा किंवा ठोक काउंटरचा आकडा वाढलेला दिसला तर लगेच विचारा. तसं होता कामा नये.

"ठरलेली संख्या" म्हणजे नक्की कोणती? आम्ही पहिल्या भेटीत सांगितली ती?

पहिल्या भेटीतला आकडा अंदाजाचा असतो. कार्याच्या चार दिवस आधी आम्ही फोन करतो आणि तेव्हा जो आकडा तुम्ही व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लिहून देता, तो पक्का. किराणा, दूध, भाजी, माणसं, सगळं त्या आकड्यावर निघतं. त्या संख्येचे पैसे कमी पाहुणे आले तरी द्यावे लागतात, कारण तोवर माल आलेला असतो आणि वाढप्यांना शब्द दिलेला असतो.

त्या आकड्यावर आम्ही शेकडा पाच ताटांची सोय आपणहून करून ठेवतो. २५० वर ती १२ ताटं झाली. तेवढे पाहुणे वाढले तर स्वयंपाकघरात धावपळ होत नाही, म्हणून त्या ताटांना नेहमीचाच दर लागतो. त्याच्या पुढचं प्रत्येक ताट दहा टक्के जास्त दरानं, म्हणजे या मुंजीत ५७२ रुपयांनी. हे दोन्ही दर कोटेशनच्या पहिल्या पानावर लिहिलेले असतात आणि त्याच पानावर आम्ही यजमानांची सही घेतो. मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेल्या अटीवर पैसे मागणं आम्हाला पटत नाही.

पाहुणे मोजले कसे? दारावर तर कोणी उभं नव्हतं.

दारावर आम्ही मोजतच नाही. दारातून आत येणारा प्रत्येकजण जेवतो असं नाही. कोणी मुलाला आशीर्वाद देऊन दुसऱ्या कार्याला निघून जातं, कोणाचा उपास असतो, कोणी फक्त मठ्ठा पिऊन जातं. त्यांचे पैसे तुमच्याकडून घेणं बरोबर नाही. आम्ही ताटं मोजतो.

पद्धत सोपी आहे. जेवण सुरू होण्याआधी क्रेटमधली स्वच्छ ताटं तुमच्या घरच्या एका माणसासमोर मोजून कागदावर लिहायची. जेवण संपलं की उरलेली स्वच्छ ताटं त्याच माणसासमोर पुन्हा मोजायची. फरक तो जेवलेल्या ताटांचा. या मुंजीत आम्ही ३४० ताटं नेली होती, शेवटी २८ स्वच्छ उरली, म्हणजे ३१२ ताटं वापरली गेली. कागदावर आमच्या मुकादमाची आणि यजमानांच्या भाच्याची सही आहे. त्या कागदाचा फोटो ईमेलला जोडलेला असतो.

ही मोजणी एका ठिकाणी बिघडू शकते. खरकटी ताटं धुऊन त्याच संध्याकाळी परत रांगेत ठेवली, तर एकच ताट दोनदा वापरलं जातं आणि मोजणी खोटी ठरते. त्यात नुकसान बहुतेक केटररचं होतं, पण एकदा आकडा संशयात आला की दोघांनाही त्रास. म्हणून आम्ही जास्तीची ताटं सोबत नेतो आणि धुतलेली ताटं वेगळ्या रंगाच्या क्रेटमध्ये ठेवतो. ती काउंटरवर जात नाहीत. अगदीच गरज पडली तर प्रत्येक क्रेट काउंटरवर नेताना कागदावर नोंद होते आणि तुमच्या माणसाला दाखवली जाते. दुसऱ्या कोणाकडून जेवण करून घेत असाल, तरी त्यांना हा एक प्रश्न जरूर विचारा: धुतलेली ताटं कुठे जातात?

एकाच माणसानं दोन ताटं घेतली तर दोन पाहुणे धरणार का?

होतं असं. कोणी ताट टेबलावर ठेवून भेटायला जातो, परत येतो तर ताट उचललेलं असतं. आजोबांना त्यांच्या जागेवर वाढून नेताना कोणी स्वतःसाठी आणखी एक ताट उचलतं. म्हणून एकूण वापरलेल्या ताटांतून शेकडा दोन आम्ही वजा करतो. ३१२ मधून सहा गेली, ३०६ राहिली. ठरलेल्या २५० पेक्षा ५६ जास्त.

शेकडा दोन हा आमचा ठोकताळा आहे, अचूक शास्त्र नाही. ज्या कार्यात वयस्कर माणसं जास्त असतात आणि ताटं जागेवर नेली जातात, तिथे हा आकडा कमी पडू शकतो. तसं असेल तर आधी सांगा. आम्ही त्यांच्यासाठी एक लहानशी पंगत मांडतो आणि तिची ताटं वेगळी मोजतो.

लहान मुलं, ड्रायव्हर, फोटोग्राफर आणि सनईवाले यांचं काय?

पाच वर्षांखालच्या मुलांचे पैसे नाहीत. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी छोटी रंगीत ताटं असतात, त्यांना अर्धा दर आणि त्यांची मोजणी वेगळी. या मुंजीत २० छोटी ताटं ठरली होती आणि २०च लागली, म्हणून तो आकडा बदलला नाही. ड्रायव्हर, फोटोग्राफर आणि वाजंत्रीवाल्यांना आम्ही बांधलेली पाकिटं देतो. ती किती हे तुम्ही आधी सांगता, त्यामुळे ती ताटांच्या मोजणीत मिसळत नाहीत. आमचे आचारी आणि वाढपी शेवटी आमच्याच भांड्यांत जेवतात, त्यांचा खर्च आमचा.

वाढीव ताटाचा दर जास्त का? उलट माल जास्त घेतला की स्वस्त पडायला हवा ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि त्याचं उत्तर स्वयंपाकघरातच मिळतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

चार दिवस आधी संख्या कळली की तांदूळ, डाळ, तेल, तूप घाऊक बाजारातून येतं. भाजी पहाटे मंडईतून येते. संध्याकाळी साडेआठ वाजता कळलं की अजून ५० माणसं जेवायची आहेत, तर जवळच्या दुकानात जो भाव असेल तो मोजावा लागतो.

शिवाय सगळे पदार्थ सारखे वाढवता येत नाहीत. पुरीची कणीक पंधरा मिनिटांत मळून होते, तेल तापलेलंच असतं, त्यामुळे पुरीची चिंता नसते. पांढरा भात आणि वरण पाऊण तासात होतं, फक्त एक भट्टी त्यासाठी अडकते आणि एक आचारी पुन्हा उभा राहतो. बटाट्याची भाजी जमते. मसालेभात जमतो, पण घाईत केला की शीत मोडतं आणि चव बसायला वेळ मिळत नाही, म्हणून वाढीव माणसांना आम्ही पांढरा भात जास्त वाढतो. श्रीखंड माणशी शंभर ग्रॅम धरलं तर ५६ जणांना साडेपाच किलोच्या वर लागतं. ते रात्री मिठाईच्या दुकानातून तयार आणावं लागतं आणि घरी चक्का बांधून केलेल्या श्रीखंडापेक्षा ते बरंच महाग पडतं. अळूच्या भाजीला रात्री पानं मिळत नाहीत. जिलबीचं पीठ आदल्या रात्री भिजवून आंबवलेलं असतं, ते ऐन वेळी वाढवता येत नाही. पिठात पाणी घालून पुरवलेली जिलबी पसरते आणि पाक धरत नाही. ती पाहुण्याच्या ताटात घालण्यापेक्षा जिलबी संपली असं सांगणं आम्हाला बरं वाटतं.

दहा टक्क्यांत हा सगळा खर्च भरून निघतो असं नाही, पण बराचसा निघतो. काही केटरर वाढीव ताटांना दीडपट दर लावतात, काही तोच दर ठेवतात आणि पदार्थ पातळ करून पुरवतात. दुसरा प्रकार बिलात दिसत नाही, पण पाहुण्यांच्या ताटात दिसतो.

एखादा पदार्थ संपला तरी पूर्ण पैसे?

नाही, तेवढे वजा होतात. या मुंजीत जिलबी संपली. ती संपली त्याच क्षणी काउंटरवरची स्वच्छ ताटं मोजली. ५४ उरली होती, म्हणजे तोवर २८६ ताटं गेली होती. शेवटी आकडा ३१२ झाला, म्हणून २६ ताटांना जिलबी मिळाली नाही. कोटेशनमध्ये जिलबीची किंमत ताटाला ३० रुपये धरलेली आहे, म्हणून ७८० रुपये कमी केले.

ताटागणिक दरात प्रत्येक पदार्थाची किंमत किती धरली आहे हे आधीच लिहून घेणं यासाठी उपयोगी पडतं. ते नसेल तर पदार्थ संपल्यावर किती रुपये कमी करायचे यावर नुसता वाद होतो. आणि ठरलेल्या २५० ताटांच्या आतच पदार्थ संपला, तर तो आमचा दोष. तिथे ३० रुपये वजा करून भागत नाही, तेव्हा आम्ही स्वतः येऊन भेटतो.

ईमेल नेमका कसा असतो?

त्याच मुंजीचा ईमेल खाली देतो. यजमान काका निवृत्त बँक अधिकारी होते, आकडे त्यांना आवडतात, पण मांडणी आम्ही सगळ्यांसाठी अशीच ठेवतो.

> विषय: मुंजीच्या जेवणाचं सुधारित बिल (ठरलेली ताटं २५०, जेवलेली ३०६)
>
> नमस्कार काका,
>
> काल बटूचं कार्य छान पार पडलं. आम्हाला सेवेची संधी दिलीत, त्याबद्दल आभार. काल रात्री मुकादमांनी ताटांचा आकडा आपल्या भाच्याला सांगितला होता, त्याचा हिशेब खाली देत आहे.
>
> आपण २५० ताटं लिहून दिली होती. काल ३१२ ताटं वापरली गेली. दोनदा घेतलेल्या ताटांसाठी शेकडा दोन प्रमाणे ६ वजा केली, म्हणून हिशेबात ३०६ धरली आहेत. वाढीव ताटं ५६.
>
> पहिली १२ ताटं, प्रत्येकी ५२० रुपये: ६,२४०
> पुढची ४४ ताटं, प्रत्येकी ५७२ रुपये: २५,१६८
> ऐन वेळी बोलावलेले २ वाढपी, प्रत्येकी ८०० रुपये: १,६००
> २६ ताटांना जिलबी पुरली नाही, प्रत्येकी ३० रुपये वजा: ७८०
> वाढीव रक्कम: ३२,२२८
> त्यावर ५ टक्के जीएसटी: १,६११.४०
> एकूण वाढ: ३३,८३९.४०
>
> मूळ बिल जीएसटीसह १,५७,७१० रुपये होतं. सुधारित बिल १,९१,५४९.४० रुपये. आपण दिलेले आगाऊ ८०,००० वजा जाता आणि वरचे ४० पैसे सोडून देऊन बाकी १,११,५४९ रुपये.
>
> टेम्पो, मांडणी, गराडूचा काउंटर आणि मुलांची २० ताटं यांच्या रकमेत बदल नाही. वाढप्यांना बोलावण्याआधी साडेआठ वाजता आपल्या भाच्याला विचारलं होतं. मोजणीच्या कागदाचा फोटो आणि सही केलेलं कोटेशन सोबत जोडलं आहे.
>
> जिलबी शेवटच्या पाहुण्यांपर्यंत पोहोचली नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.
>
> एखादा आकडा जुळत नसेल तर कृपया फोन करावा, कागद घेऊन घरी येतो. आपलं समाधान झाल्यावरच पक्कं बिल काढू.
>
> आपला नम्र

विषयाच्या ओळीतच दोन्ही आकडे असतात, कारण वाचणाऱ्याला आधी तेच हवे असतात. काय वाढलं नाही हेही आम्ही लिहितो. ते लिहिलं नाही तर यजमान मनातल्या मनात सगळंच वाढलं असं धरून चालतात.

त्याच रात्री पैशांचं का सांगत नाही?

रात्री ताटांचा आकडा सांगतो, रुपये सांगत नाही. आकडा तिथेच सांगायला हवा, कारण उरलेली ताटं दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजता येत नाहीत. रुपयांचं तसं नाही. बटूची भिक्षावळ, आहेर, परगावच्या पाहुण्यांची गाडी या गडबडीत असलेल्या माणसाला बिलाचा आकडा ऐकवणं बरं नव्हे. ईमेल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जातो. त्याहून उशीर आम्ही करत नाही, कारण आठवड्यानं आलेलं वाढीव बिल कोणालाच पटत नाही, मग हिशेब कितीही खरा असो.

आमच्या यादीत २४० च नावं होती. ३०६ माणसं आली कुठून?

पत्रिकेवर "सहकुटुंब" लिहिलेलं असतं आणि यादीत एकच नाव असतं, हे पहिलं कारण. दुसरं व्हॉट्सअॅप. आमंत्रणाचं चित्र कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं की ते पुढे जातं, आणि ज्याला ते मिळालं तो आपल्याला बोलावणं आहे असंच समजतो. तिसरं कारण इंदूरचं. इथे कार्याला आलेला माणूस न जेवता जाऊ नये म्हणून यजमान स्वतः आग्रह करतात, शेजारच्या बंगल्यातल्यांनाही हाक मारतात. आम्हाला ते आवडतं. फक्त यादी करताना प्रत्येक नावासमोर "किती जण" असा रकाना घाला आणि तिथे आकडा लिहा. नुसती नावं मोजून संख्या सांगितलेल्या कार्यांत पाहुणे हमखास वाढलेले आम्ही पाहिले आहेत.

वाढीव रकमेवर जीएसटी वेगळा लागतो का?

वेगळा दर नाही, तोच पाच टक्के. बाहेर जाऊन जेवण पुरवण्याच्या सेवेवर १ ऑक्टोबर २०१९ पासून साधारणपणे पाच टक्के जीएसटी आहे. आमच्यासारख्या केटररला त्यात मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. इंदूरमध्येच कार्य असल्यानं बिलावर अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा असे दोन भाग दिसतील. मोठ्या हॉटेलच्या आवारात त्यांच्याचकडून जेवण घेतलं तर दर अठरा टक्के असू शकतो, ते हॉटेलला आधी विचारा.

कंपोझिशन योजनेतला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतःच भरणारा छोटा केटरर ग्राहकाकडून कर वेगळा घेऊ शकत नाही. त्याच्या बिलावर जीएसटीची ओळ दिसली तर कारण विचारा.

आधीच पक्कं टॅक्स इन्व्हॉइस मिळालं असेल, तर जुनं फाडून नवं देणार का?

तसं करता येत नाही. म्हणून आम्ही कार्याआधी फक्त कोटेशन आणि आगाऊ रकमेची पावती देतो. सेवा पूर्ण झाल्यावर इन्व्हॉइस काढायला कायद्यानं ३० दिवसांची मुभा आहे, तेवढ्यात ताटांचा आकडा पक्का होऊन जातो. ईमेलमधलं "सुधारित बिल" म्हणजे त्या कोटेशनचा सुधारित हिशेब. तो तुम्ही मान्य केलात की इन्व्हॉइस निघतं.

कधी यजमानांना कार्यालयात दाखवायला इन्व्हॉइस आधीच हवं असतं. मग पाहुणे वाढले तर वाढीव रकमेची डेबिट नोट निघते आणि तिच्यावर मूळ इन्व्हॉइसचा क्रमांक आणि तारीख असते. दोन्ही कागद एकत्र ठेवायचे. बिलावर आमचा एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांकही असतो, तोही पाहून घ्या.

बाकी सगळी रोख दिली तर चालेल?

दोन लाखांच्या आत चालेल. एका कार्यासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, हप्त्याहप्त्यानं घेतली तरी. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. इथे पाहुणे वाढण्याचा संबंध असा येतो की मूळ बिल दीड लाखाचं असलं तरी सुधारित बिल सहज दोन लाखांच्या वर जातं. म्हणून आगाऊ रोख दिली असेल तर बाकी आम्ही यूपीआय, चेक किंवा बँक ट्रान्सफरनंच मागतो. त्यावर अविश्वास म्हणून रागावू नका.

पाहुणे वाढणार असं कार्याच्या सकाळी लक्षात आलं तर कळवावं का? की गप्प बसावं?

लगेच कळवा. सकाळी दहापर्यंत कळलं तर अळूची पानं, दूध, चक्का सगळं मिळतं, आणि सकाळी वाढवलेल्या ताटांना आम्ही नेहमीचाच दर लावतो. त्या मुंजीत ५६ पैकी ४४ ताटांना जास्त दर लागला. तेच सकाळी कळलं असतं तर २,२८८ रुपये वाचले असते आणि वाढप्यांना ऐन वेळी बोलवावं लागलं नसतं. जिलबीचं पीठ मात्र सकाळी कळूनही वाढत नाही, त्यासाठी आदल्या संध्याकाळी कळायला हवं.

आकडा मान्य नसेल तर?

पैसे थांबवा आणि फोन करा. आधी मोजणीचा कागद पाहू. त्यावर तुमच्या माणसाची सही नसेल, किंवा जेवणाआधीच्या आकड्याची नोंद नसेल, तर ती चूक आमची आणि वाढीव ताटांचा दावा आम्ही सोडून देतो. सही असेल आणि तरी आकडा जास्त वाटत असेल, तर दुसरी पडताळणी करता येते. वाटीत भरून ठेवलेलं श्रीखंड किती वाट्या गेलं याची नोंद आमच्याकडे असते. वाट्या आणि ताटं यांच्यात थोडा फरक असतोच, कारण काही जण श्रीखंड घेत नाहीत आणि काही दोन घेतात. पण ३१२ ताटांमागे वाट्या २२० च्या आसपास गेल्या असतील, तर ताटांची मोजणी नक्की तपासण्यासारखी आहे. त्या मुंजीत वाट्या २९७ गेल्या होत्या.

आम्ही कागद घेऊन घरी येतो तेव्हा मोजणीला उभ्या असलेल्या तुमच्या माणसालाही सोबत बसवलं तर काम लवकर होतं. कार्याच्या रात्री कागदावर सही त्याची असते आणि ताटं त्याच्या डोळ्यांसमोर मोजलेली असतात.